अमॅस्टिगोट सारखेच, मग एक प्लीहेत आणि दुसरा कातडीतच का?

प्रश्न: मायक्रोबायोलॉजी शिकतोय. पुस्तकात आहे की लिश्मॅनिया हा परजीवी सँडफ्लाय माशीत प्रोमॅस्टिगोट आणि माणसात अमॅस्टिगोट या रूपात असतो, इथपर्यंत कळलं. पण काळा आजार असो की कातडीचा व्रण, स्लाइडवर तर तेच अमॅस्टिगोट दाखवतात. मग डोनोव्हानी ही प्रजाती प्लीहेत जाते आणि ट्रॉपिका, मेजर या प्रजाती कातडीवरच थांबतात ते का? त्यांचे अमॅस्टिगोट वेगळे दिसतात का?

उत्तर:

नाही, वेगळे दिसत नाहीत. माझ्यापुढे दोन स्लाइड ठेवा, एक काळा आजाराच्या रुग्णाच्या बोन मॅरोची आणि एक गालावरच्या व्रणाच्या कडेची. लेबलं झाकलीत तर आजूबाजूच्या पेशी बघून मी सांगेन कुठली कोणती. नुसते अमॅस्टिगोट दाखवलेत तर नाही सांगता येणार, आणि परजीवींच्या स्लाइड बघण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली आहेत. तेव्हा हा फरक डोळ्यांनी शोधायचा नाही, हे आधी मनात पक्कं करा. तो परजीवीच्या उष्णता सोसण्यात आहे आणि थोडा रुग्णातही आहे.

दोन्ही रूपांबद्दल आधी थोडं बोलतो, कारण उत्तराची किल्ली तिथेच आहे आणि पुस्तकं नेमकी तिथून घाईने पुढे जातात.

अमॅस्टिगोट म्हणजे दोन ते चार मायक्रॉनचा अंडाकृती जीव, मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशीच्या आत बसलेला. गिम्सा स्टेनमध्ये पेशीद्रव फिकट निळा दिसतो, त्यात एक गोल जांभळट केंद्रक, आणि त्याच्याशेजारी गडद, बहुधा काडीसारखा कायनेटोप्लास्ट. हा कायनेटोप्लास्ट म्हणजे परजीवीच्या एकुलत्या एक मायटोकॉन्ड्रियातला डीएनएचा गठ्ठा. एकाच जीवात केंद्रक आणि कायनेटोप्लास्ट दोन्ही दिसल्याशिवाय मी अमॅस्टिगोट म्हणत नाही, आणि शिकाऊंनाही म्हणू देत नाही. हिस्टोप्लाझ्मा ही बुरशीही मॅक्रोफेजमध्येच बसते आणि आकारानेही एवढीच असते, पण तिला कायनेटोप्लास्ट नसतो. लाल पेशीवर चढून बसलेली प्लेटलेटही नवख्याला हमखास फसवते. १९०३ साली लिशमन आणि डोनोव्हान यांनी वेगवेगळे जे ठिपके वर्णन केले, ज्यांना आपण अजून एलडी बॉडी म्हणतो, ते हेच.

प्रोमॅस्टिगोट मात्र बघताक्षणी ओळखू येतो. लांबुळका, चातीसारखा, दहा ते वीस मायक्रॉनचा, पुढच्या टोकाला मोकळा फ्लॅजेलम, आणि कायनेटोप्लास्ट केंद्रकाच्या पुढे. कल्चरचा एक थेंब काचेवर घेतला की फ्लॅजेलम पुढे काढून, त्याच्या मागे अंग ओढत पळणारे जीव दिसतात. कधीकधी फ्लॅजेलमची टोकं आत आणि अंगं बाहेर असे त्यांचे फुलासारखे झुपके होतात. अमॅस्टिगोटलाही फ्लॅजेलम असतो बरं का, फक्त तो इतका आखूड की त्याच्या खिशाबाहेर येतच नाही, म्हणून साध्या मायक्रोस्कोपमध्ये दिसत नाही.

आता हे रूप बदलतं कशामुळे? माझ्या लॅबमध्ये घडलेली एक चूक सांगतो. प्लीहेतून काढलेला नमुना परजीवी वाढवण्याच्या एनएनएन माध्यमाच्या नळ्यांमध्ये घातला होता. या नळ्या २४ ते २६ अंशांवर ठेवायच्या असतात. नव्या टेक्निशियनने त्या सवयीने बॅक्टेरियाच्या प्लेट्सबरोबर ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये सरकवल्या. आठवड्याने बघितलं तर एकही हलणारा जीव नाही. त्याच नमुन्याची एक नळी चुकून रॅकमध्ये बाहेर राहिली होती, तिच्यात नवव्या दिवशी प्रोमॅस्टिगोट नाचत होते. टेक्निशियनचा चेहरा पडला होता, पण मला त्या दोन नळ्या शिकवायला फार उपयोगी पडल्या. अमॅस्टिगोट मॅक्रोफेजमधून बाहेर पडून गारव्यात आला की त्याला वाटतं आपण माशीच्या पोटात आलो, आणि तो प्रोमॅस्टिगोट व्हायला लागतो. बाहेर काढून ३७ अंशांवरच ठेवला तर तो ना माशीत असतो ना मॅक्रोफेजमध्ये, आणि मरतो. लिओनार्ड रॉजर्स यांना १९०४ साली कलकत्त्यात प्लीहेच्या रक्तातून फ्लॅजेलमवाले जीव मिळाले, तेही नमुना शरीराच्या तापमानापेक्षा गार ठेवल्यावर.

म्हणजे रूप बदलण्याच्या दोन मुख्य खुणा: तापमान आणि आम्लता. माशीच्या आतड्यात सुमारे २५ अंश आणि आम्लता जवळपास उदासीन. मॅक्रोफेजच्या ज्या पोकळीत परजीवी बसतो तिथे पीएच साडेपाचच्या आसपास आणि तापमान त्या जागेच्या शरीराइतकं. हे शेवटचे शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यांच्याकडेच यायचंय.

माशीच्या पोटातली हकिगत थोडक्यात. सँडफ्लायने रुग्णाचं रक्त प्यायलं की त्यातले अमॅस्टिगोट प्रोमॅस्टिगोट होतात, वाढतात, आतड्याच्या भिंतीला चिकटून राहतात, म्हणजे रक्ताच्या गाळाबरोबर बाहेर फेकले जात नाहीत. चिकटण्याचं काम त्यांच्या अंगावरचं लिपोफॉस्फोग्लायकन नावाचं आवरण करतं. आठवडा-दहा दिवसांत त्यातले काही मेटासायक्लिक होतात: अंग सडपातळ, फ्लॅजेलम लांब, विभाजन थांबलेलं, आवरण बदललेलं, त्यामुळे भिंतीवरून सुटलेले. माणसाला संसर्ग करण्याच्या तयारीत असतात ते हेच. पुढच्या चाव्यात ते कातडीत उतरतात.

इथे तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांची एक समजूत दुरुस्त करायला हवी. डोनोव्हानी थेट प्लीहेत टोचला जात नाही. चावा कातडीलाच असतो, मग प्रजाती कोणतीही असो. लिपोफॉस्फोग्लायकनचं तेच आवरण आता रक्तातल्या कॉम्प्लिमेंट या जंतू मारणाऱ्या प्रथिनांपासून जीव वाचवतं, आणि मॅक्रोफेजने गिळल्यावर त्या पोकळीचं पक्व होणं लांबवतं. परजीवीला कपडे बदलायला तेवढा वेळ मिळतो. काही दिवसांत फ्लॅजेलम आखडतो, अंग गोल होतं, ते जाड आवरण जवळजवळ नाहीसं होतं आणि अमॅस्टिगोट तयार होतो. आता ज्या आम्लात इतर जंतू विरघळतात तिथेच तो वाढू लागतो. मॅक्रोफेज भरला की फुटतो, बाहेर पडलेल्या अमॅस्टिगोटना शेजारचे मॅक्रोफेज गिळतात. इथपर्यंत डोनोव्हानी, ट्रॉपिका, मेजर सगळ्यांची वाट एकच. फाटा यानंतर फुटतो.

आता तापमानाकडे येऊ. चेहरा, हात, पाय यांची कातडी आतल्या अवयवांपेक्षा गार असते, साधारण ३२ ते ३४ अंश. प्लीहा, यकृत, अस्थिमज्जा ३७ अंशांवर, आणि ताप आला की त्याहून वर. काही संसर्गित पेशी रक्तातून आत पोचणं कुठल्याही प्रजातीत शक्य आहे. खरा प्रश्न असा की आत पोचल्यावर तिथल्या उष्णतेत वाढतं कोण.

याचा मला सर्वांत पटणारा पुरावा लॅबच्या रोजच्या कामातला आहे. मॅक्रोफेजशिवाय, नुसत्या द्रव माध्यमात अमॅस्टिगोट वाढवता येतात. त्यासाठी प्रोमॅस्टिगोट घेऊन पीएच साडेपाचवर आणायचा आणि तापमान वाढवायचं. किती वाढवायचं हे प्रजातीवर ठरतं. डोनोव्हानीला ३७ अंश चालतात. कातडीत राहणाऱ्या मेक्सिकानाला ३२ ते ३४ अंशच लागतात. कृती तीच आहे, पण प्रत्येक प्रजातीने आपल्या घराचं तापमान मागून घेतलं आहे. मॅक्रोफेजमध्ये वाढवून बघितलं तरी तेच: कातडीच्या प्रजाती ३५ च्या आसपास बऱ्या वाढतात, तापाच्या तापमानाला मार खातात. डोनोव्हानी त्यापेक्षा बराच जास्त सोसतो.

उपचारातही याचा उपयोग केलेला दिसतो. कातडीच्या काही व्रणांवर रेडिओफ्रीक्वेन्सीने ५० अंशांची उष्णता ३० सेकंद देण्याची पद्धत आहे. कातडीतला परजीवी उष्णतेला कच्चा आहे, यावरच ती उभी आहे.

एक शंका मात्र रास्त आहे. व्रण उघड्या अंगावर येतात ते तिथली कातडी गार म्हणून, की माशी उघड्या अंगालाच चावते म्हणून? व्रण कुठे आला यातला मोठा वाटा चाव्याचा आहे. त्यामुळे व्रणाच्या जागेवरून तापमानाचा सिद्धांत मांडणं कच्चं आहे. मी तो माध्यमातल्या वाढीवरून मांडतो.

तापमान सोसण्यामागे जनुकं आहेत, आणि त्यातलं सर्वांत अभ्यासलेलं ए२ नावाचं. डोनोव्हानी अमॅस्टिगोट झाला की हे प्रथिन भरपूर बनवतो, प्रोमॅस्टिगोट असताना जवळजवळ नाही. उष्णता आणि ऑक्सिडेशनचा मारा सोसायला ते मदत करतं. मेजरमध्ये हे जनुक मोडकळीला आलेलं आहे, म्हणजे खुणा आहेत पण कामाचं प्रथिन बनत नाही. मग संशोधकांनी उलटं करून बघितलं. डोनोव्हानीचं ए२ मेजरमध्ये घातलं आणि उंदरांना दिलं. त्या मेजरची आतल्या अवयवांत टिकण्याची ताकद वाढली. जनुकाचा आणि जागेचा संबंध यापेक्षा सरळ दाखवणारा प्रयोग मला माहीत नाही.

पण "ए२ आहे म्हणून प्लीहा" असं परीक्षेत लिहू नका. मेक्सिकानामध्येही ए२ आहे आणि तो कातडीतच राहतो. मेजर, इन्फँटम आणि ब्राझिलिएन्सिस या प्रजातींचे जीनोम शेजारी ठेवले तेव्हा आठ हजारांवर जनुकांपैकी प्रजातीगणिक वेगळी अशी फक्त सुमारे दोनशे निघाली. इतक्या थोड्या फरकातून इतके वेगळे आजार होत असतील, तर एका जनुकावर सगळं लादता येत नाही. जनुक किती प्रती, किती वेळ, कोणत्या रूपात चालतं, यालाही वजन आहे.

आता रुग्णाची बाजू. कातडीचा व्रण बघून वाटतं की परजीवी मांस खातोय. प्रत्यक्षात व्रण बराचसा आपल्याच प्रतिकाराचा आहे. आधी एक गाठ येते, तिच्यात अमॅस्टिगोट खच्चून भरलेले असतात. मग टी पेशी येतात, संसर्गित मॅक्रोफेज मारले जातात, मधला भाग झडतो आणि उंच कडांचा खळगा उरतो. म्हणूनच स्मिअर मी मधल्या पुवातून घेत नाही. कडा दोन बोटांत चिमटून धरतो, रक्त हटून ती पांढरी पडली की बारीक चीर देतो आणि चिरेच्या भिंती खरवडून पातळ स्मिअर करतो. व्रण जितका जुना तितके अमॅस्टिगोट कमी, कारण शरीर जिंकत आलेलं असतं. वर्षभराच्या व्रणावर निगेटिव्ह स्मिअर आला म्हणून मी आजार नाही असं म्हणत नाही.

काळा आजारात चित्र उलटं. अँटिबॉडी ढिगाने, पण मॅक्रोफेजला "आतला मार" असं सांगणारी पेशींची प्रतिकारशक्ती त्या परजीवीपुरती झोपलेली. सक्रिय आजारात लिश्मॅनिन ही त्वचाचाचणी निगेटिव्ह येते आणि बरं झाल्यावर पॉझिटिव्ह होते, ते याचमुळे. प्लीहा, यकृत, अस्थिमज्जा हे मॅक्रोफेजचे वाडेच. तिथे परजीवी बिनविरोध वाढतो, म्हणून प्लीहा फुगते, रक्तपेशी घटतात, ताप हटत नाही. पण डोनोव्हानी शिरलेल्या बहुतेकांना आजार होतच नाही, त्यांची प्रतिकारशक्ती त्याला गप्प बसवते. तेव्हा प्रजाती सांगते की परजीवी कुठे जाऊ शकतो. तो जाईलच का, हे रुग्णावर आहे.

इथवरचं धरून ठेवा: रूप दोन्हीकडे एकच, सुरुवात दोन्हीकडे कातडीत, उष्णता सोसणं हा आत जाण्याचा परवाना, आणि परवाना वापरला जातो की नाही ते प्रतिकारशक्ती ठरवते. आता अपवाद सांगतो, कारण मी स्वतः त्यात सापडलो.

हिमाचल प्रदेशातल्या सतलजच्या खोऱ्यातून आलेला, चाळिशीचा एक माणूस. गालावर पाच महिन्यांची लालसर गाठ, मधे खपली. ताप नाही, वजन घटलेलं नाही, प्लीहा हाताला लागत नाही. काळा आजाराची आरके३९ ही अँटिबॉडी चाचणी निगेटिव्ह, आणि त्यात नवल नाही, कातडीपुरत्या आजारात अँटिबॉडी फारशा बनत नाहीत. कडेच्या स्मिअरमध्ये बऱ्याच शोधाने काही मॅक्रोफेज सापडले, त्यांच्यात केंद्रक आणि कायनेटोप्लास्ट स्वच्छ दिसणारे अमॅस्टिगोट. मी रिपोर्ट लिहिला: "कातडीचा लिश्मॅनिया, बहुधा ट्रॉपिका." राजस्थानात बिकानेरकडे कातडीचा आजार ट्रॉपिकाने होतो, तोच ठसा डोक्यात होता. बाकी नमुना कल्चरला घातला, प्रोमॅस्टिगोट आले, त्यातून डीएनए काढून आयटीएस१ भागाचं पीसीआर केलं आणि ते एचएई३ एन्झाइमने कापलं. पट्ट्यांचा नमुना ट्रॉपिकाचा नव्हता, डोनोव्हानी गटाचा होता. माझा आधी विश्वास बसला नाही, नमुन्यांची अदलाबदल झाली असं वाटून पुन्हा केलं. तेच आलं. त्या खोऱ्यात डोनोव्हानीच कातडीचा आजार करतो हे २००५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेलं होतं. मी ते वाचलं होतं आणि रिपोर्ट लिहिताना विसरलो होतो.

श्रीलंकेतही तसंच: डोनोव्हानी, पण आजार मुख्यतः कातडीचा. तिथल्या कातडीच्या स्ट्रेनची आतल्या अवयवांच्या स्ट्रेनशी तुलना केली तेव्हा फरक मोजकेच निघाले, त्यातला एक रॅगसी जनुकातला एका अक्षराचा बदल, जो परजीवीची आत वाढण्याची ताकद कमी करतो असं दिसलं. म्हणजे प्रजातीचं नाव तेच, परवान्यावरची एक ओळ खोडलेली. तुमच्या प्रश्नातलं "प्रजाती" हे एकक इथे अपुरं पडतं, स्ट्रेनपर्यंत उतरावं लागतं.

उलट बाजूचा दाखला आखाती युद्धानंतरचा. १९९१ च्या मोहिमेतून परतलेल्या काही अमेरिकन सैनिकांना ताप, थकवा होता आणि बोन मॅरोत लिश्मॅनिया सापडला. तो ट्रॉपिका निघाला. आजार काळा आजारापेक्षा सौम्य होता, पण "ट्रॉपिका कातडी सोडत नाही" हे वाक्य त्या दिवसापासून बाद झालं. एचआयव्हीसारखी प्रतिकारशक्ती खालावणारी अवस्था असेल तर नियम आणखी सैल होतात.

आणि पीकेडीएल. काळा आजार बरा झाल्यावर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, कातडीवर फिकट डाग आणि गाठी येतात, आत तेच डोनोव्हानीचे अमॅस्टिगोट. भारतात बऱ्या झालेल्या रुग्णांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांना, सुदानमध्ये निम्म्याच्या आसपास लोकांना. परजीवी तोच, माणूसही तोच. मधे प्रतिकारशक्ती बदलली, म्हणून जागा बदलली. अशा रुग्णाला बाकी काही त्रास नसतो, पण माशीसाठी तो परजीवीचा साठा असतो, म्हणून डाग किरकोळ वाटले तरी शोधावे लागतात.

उपचाराची दिशाही यावरच वळते. कातडीत एखाद-दुसरा छोटा व्रण असेल आणि प्रजाती नाकातोंडाकडे सरकणारी नसेल, तर व्रणात टोचून किंवा उष्णतेने भागू शकतं. काळा आजाराला रक्तातून औषध द्यावंच लागतं. भारतात लायपोसोमल अँफोटेरिसिन बी, किलोमागे १० मिलिग्रॅम, एकाच डोसमध्ये. दक्षिण अमेरिकेतल्या ब्राझिलिएन्सिसचा व्रण बरा होऊन वर्षांनी नाकाचा पडदा खाऊ शकतो, तिथे प्रजाती माहीत नसणं महागात पडतं. यात रुग्ण कुठून आला, प्रतिकारशक्ती कशी, व्रण किती, हे सगळं बघून तज्ज्ञ ठरवतो. स्लाइड एकटी ठरवत नाही.

त्या हिमाचलच्या रुग्णाची प्लीहा आम्ही पुढे दर काही महिन्यांनी तपासत राहिलो. गाल भरून आला, प्लीहा कधी हाताला लागली नाही. आणि मी रिपोर्टमधून "बहुधा" हा शब्द काढून टाकला. आता स्मिअरवर फक्त "लिश्मॅनियाचे अमॅस्टिगोट दिसले" एवढंच लिहितो, आणि प्रजातीची जागा पीसीआर येईपर्यंत कोरी ठेवतो.